सव्वासोळातला पाव कुठे गेला?

तेरा अधिक सव्वातीन किती? सव्वासोळा, असं कोणीही तोंडी सांगेल. आता हीच बेरीज आठ बिटांत आकडे मांडणाऱ्या एका छोट्या गणनयंत्राला घालू. ते उत्तर देतं सोळा. यंत्र बिघडलेलं नाही, त्याने एकही पायरी चुकवलेली नाही. नियमाप्रमाणे चालत गेल्यावर त्याला हेच उत्तर मिळायला हवं होतं. मग वरचा पाव नेमका कोणत्या पायरीवर सांडला? या लेखात आपण त्या पावाच्या मागे मागे जाणार आहोत. तसं गेलं, की संगणक अपूर्णांकांची बेरीज कशी करतो ते आतून दिसतं. त्यासाठी मोठा संगणक लागत नाही. आठ बिटं आणि एक कागद पुरतो.

आधी अपूर्णांक लिहायची पद्धत पाहू. मराठी माणसाला ती मुळीच परकी नाही. आपले पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे सगळे शब्द दहाने भागून आलेले नाहीत, ते निम्म्याचं निम्मं करत आलेले आहेत. संगणकाची द्विमान पद्धतही तेच करते. तिथे बिंदूनंतरचं पहिलं घर अर्ध्याचं, दुसरं पावाचं, तिसरं अर्ध्या पावाचं. त्यामुळे अर्धा म्हणजे ०.१, पाव म्हणजे ०.०१, पाऊण म्हणजे ०.११ आणि सव्वा म्हणजे १.०१. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी येईपर्यंत आपला रुपयासुद्धा असाच मोडायचा: सोळा आणे, आणि दर आण्याचे चार पैसे. जुना आणा द्विमानात बरोबर चार घरांत बसतो आणि जुना पैसा सहा घरांत. नवा पैसा, म्हणजे शंभरावा भाग, कितीही घरं दिली तरी पुरता बसत नाही. संगणकावर ०.१ आणि ०.२ मिळवल्यावर शेपटी लावलेलं विचित्र उत्तर दिसतं, त्याचं मूळ इथेच आहे. ते आकडे लिहितानाच थोडे सरकलेले असतात आणि दोष मात्र बेरजेवर येतो. आपण मुद्दाम सव्वातीनसारखा, नेमका लिहिता येणारा आकडा घेतला आहे. आता जे काही हरवेल ते बेरजेतच हरवेल.

आठ बिटांची वाटणी अशी आहे: एक बिट चिन्हाला, चार बिटं घातांकाला आणि तीन बिटं अपूर्णांकाला. संगणकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत शिकवण्यासाठी ही वाटणी वापरतात. थोड्या वेगळ्या नियमांनी ती आज प्रत्यक्षातही वापरात आहे. २०२२ साली एनव्हिडिया, आर्म आणि इंटेल या कंपन्यांनी अशीच चार-तीन वाटणीची आठ बिटांची मांडणी एकत्रितपणे सुचवली. आपण मात्र १९८५च्या आयईईई ७५४ या प्रमाणकाचे नियम या छोट्या घरात बसवून पाहू.

घातांकाला मी इथे 'माप' म्हणणार आहे. मापं दुप्पट-दुप्पट होत जातात: १, २, ४, ८, १६ आणि वर; तशीच खाली अर्धा, पाव, अर्धा पाव. प्रत्येक आकड्यासाठी त्यात मावणारं सगळ्यात मोठं माप निवडायचं आणि आकडा त्या मापाच्या किती पट आहे ते लिहायचं. तेरात आठाचं माप मावतं, सोळाचं मावत नाही. तेरा भागिले आठ म्हणजे १.६२५, द्विमानात १.१०१. ही जी पट आहे तिला मँटिसा म्हणतात. सगळ्यात मोठं माप निवडल्यामुळे पट नेहमी एक आणि दोनच्या मधली येते, म्हणून बिंदूआधी कायम १ असतो. जो आकडा कायम तोच, तो साठवायचा कशाला? यंत्र तो साठवत नाही, मनात धरतं. तीन बिटं खर्चून चार अंकी मँटिसा मिळतो, तो असा.

घातांकही थोडा वेगळ्या रीतीने लिहितात. आठ म्हणजे २ चा तिसरा घात, पण तिथे ३ न लिहिता त्यात ७ मिळवून १० लिहितात. त्यामुळे एकाहून लहान मापांचे ऋण घातांकही धन होऊन जातात आणि त्यांच्यासाठी वेगळं चिन्ह लागत नाही. घातांकाच्या खान्यातले ० आणि १५ हे दोन आकडे शून्य, अतिलहान संख्या, अनंत अशा खास गोष्टींसाठी राखलेले आहेत. उरलेल्यांत लहानात लहान माप १/६४चं बसतं, म्हणजे बरोबर जुन्या एका पैशाचं. सगळ्यात मोठा आकडा २४० आहे.

सव्वातीनचं माप दोनचं. सव्वातीन भागिले दोन पुन्हा १.६२५च, म्हणजे १.१०१. योगायोगाने दोन्ही आकड्यांचे अपूर्णांकाचे बिट सारखे आले. फरक आहे तो मापाचा. आठ बिटांत ते असे दिसतात, वर तेरा आणि खाली सव्वातीन:

```
० १०१० १०१
० १००० १०१
```

आता बेरीज. पहिली पायरी शाळेतल्या बाईंनी शिकवलेलीच: दशांश चिन्हाखाली दशांश चिन्ह घ्या. एक आकडा आठाच्या मापात आहे आणि दुसरा दोनच्या. शेर आणि छटाक जसे सरळ मिळवता येत नाहीत, तसे हेही नाहीत. यंत्र घातांकांची वजाबाकी करतं: दहा वजा आठ, दोन. आधी मिळवलेले सात-सात आपोआप उडून जातात, त्यामुळे ते काढत बसावं लागत नाही. मापांत दोन घातांचा फरक आहे, तेव्हा एक मँटिसा दोन घरं सरकवायचा.

कोणता सरकवायचा? नेहमी लहान आकड्याचा, आणि उजवीकडे. मोठ्याला लहानाच्या मापात आणायचं ठरवलं तर त्याचा मँटिसा डावीकडे सरकतो आणि पुढचे, सगळ्यात मोलाचे अंक घराबाहेर जातात. लहानाला उजवीकडे सरकवलं तर जे काही बाहेर पडेल ते शेवटचं, सगळ्यात हलकं असतं. काहीतरी गमवायचंच असेल तर चिल्लर गमवावी, इतका साधा हिशेब आहे हा.

```
१.१०१००  × ८
०.०११०१  × ८
```

सव्वातीनचे शेवटचे दोन अंक, ०१, आता तीन घरांच्या पलीकडे गेले आहेत. यंत्र ते लगेच फेकून देत नाही. बेरीज होईपर्यंत ते बाजूच्या जागेत सांभाळून ठेवतं. या बाजूच्या जागेकडे आपल्याला परत यायचं आहे.

दुसरी पायरी मँटिसांच्या बेरजेची. ती हातचा घेऊन होते, फक्त इथे दोन झाले की हातचा एक.

```
  १.१०१००
+ ०.०११०१
---------
१०.००००१   × ८
```

बेरीज बरोबर आहे: २.०३१२५ गुणिले आठ म्हणजे सव्वासोळा. इथपर्यंत पाव शाबूत आहे. पण बिंदूआधी दोन अंक आले, आणि आपल्या मांडणीत तिथे एकच १ असायला हवा. तिसरी पायरी त्यासाठी आहे, तिला नॉर्मलाइज करणं म्हणतात. सोप्या भाषेत, माप बदलायचं. आठाचं माप दोनदा भरलं, तेव्हा सोळाचं घ्यायचं. मँटिसा एक घर उजवीकडे सरकतो आणि घातांक एकाने वाढतो.

```
१.०००००१  × १६
```

मूल्य अजूनही सव्वासोळाच आहे. पण साठवायला जागा आहे बिंदूनंतरच्या तीन अंकांची. ते तीन अंक ०००, आणि पलीकडे उरलेत ००१. चौथी पायरी राउंडिंगची. उरलेला भाग शेवटच्या घराच्या निम्म्याहून कमी असेल तर सोडून द्यायचा, जास्त असेल तर शेवटच्या घरात एक वाढवायचा. ००१ हा निम्म्याहून कमी आहे, म्हणून तो सुटला. उत्तर १.००० गुणिले १६. पाव इथे गेला.

तो जाणारच होता. आठ ते सोळाच्या पट्ट्यात या मांडणीचे आकडे एकेकाच्या अंतराने उभे आहेत. सोळा ओलांडला की अंतर दोनाचं होतं: १६, १८, २०. सव्वातीन लिहिता आला कारण दोन ते चारच्या पट्ट्यात आकडे पाव-पावाच्या अंतरावर आहेत. सव्वासोळाला मात्र जागाच नाही. त्याच्या सगळ्यात जवळचा शेजारी सोळा, आणि यंत्राने तोच दिला. बेरजेचं उत्तर किती चुकू शकतं, हे म्हणूनच आधी सांगता येतं: ते ज्या पट्ट्यात पडेल तिथल्या अंतराच्या फार तर निम्म्याने.

पण बरोबर निम्मं उरलं तर? सोळात एक मिळवा. सतरा हा सोळा आणि अठराच्या अगदी मधोमध आहे. शाळेत आपण अर्धा वर ढकलायचो. आयईईईचा रोजचा नियम वेगळा आहे: मधोमध असेल तर ज्या शेजाऱ्याचा शेवटचा बिट शून्य आहे त्याच्याकडे जा. सोळाचा मँटिसा १.०००, अठराचा १.००१. म्हणून सतराचा सोळा होतो. त्याच नियमाने अठरा अधिक एकचा वीस होतो. दर वेळी वरच ढकललं असतं तर लांबलचक बेरजांत उत्तर हळूहळू फुगत गेलं असतं. कधी वर, कधी खाली असं झाल्याने ते ओझं बरंचसं एकमेकांत फिटतं.

या नियमाचा एक परिणाम मला फार शिकवणारा वाटतो. शून्यापासून सुरू करा आणि एकेक मिळवत जा, माळेचे मणी ओढावेत तसे. एक, दोन, तीन असं करत यंत्र सोळापर्यंत नीट जातं. पुढचा एक मिळवला की सतरा, त्याचा पुन्हा सोळा. मग आणखी एक, पुन्हा सोळा. हजार वेळा मिळवा, माळ सोळाव्या मण्यावर अडकून राहते. कुठे इशारा नाही, चुकीचा निरोप नाही. हे खेळण्यातल्या मांडणीपुरतं आहे असं समजू नका. रोजच्या वापरातल्या ३२ बिटांच्या मांडणीत अपूर्णांकाला २३ बिटं असतात. तिथेही माळ अशीच अडकते, फक्त १,६७,७७,२१६ वर, म्हणजे २ च्या चोविसाव्या घातावर. ज्याच्याकडे सी भाषेचा कंपायलर आहे त्याला हे लगेच करून पाहता येईल:

```c
float x = 16777216.0f;
x = x + 1.0f;
printf("%.1f\n", x);
```

पडद्यावर `16777216.0` हेच येतं. एखादी मोजणी `float`मध्ये ठेवली आणि ती बराच काळ या एकाच आकड्यावर थांबलेली दिसली, तर कारण शोधायला लांब जायला नको.

आता बाजूच्या त्या जागेकडे वळू. सरकून बाहेर पडलेले अंक किती सांभाळायचे? मापांत फरक मोठा असेल तर अंक दूरवर जातात, आणि तितक्या रुंदीची बेरजेची यंत्रणा बांधणं महाग पडतं. तीन जादा बिटं पुरतात, असं या विषयाच्या अभ्यासकांना सापडलं. त्यांना गार्ड, राउंड आणि स्टिकी अशी नावं आहेत. पहिली दोन म्हणजे घराबाहेरचे पहिले दोन अंक, जसेच्या तसे. तिसरा, चिकट बिट, अंक ठेवत नाही. त्यापलीकडे एकही १ गेला असेल तर तो १ होतो आणि शेवटपर्यंत १च राहतो. त्या बाजूला काहीतरी होतं, एवढीच आठवण तो ठेवतो.

ही आठवण कशाला लागते, ते सोळा अधिक १.१२५ या बेरजेत कळतं. १.१२५ म्हणजे १.००१, माप एकाचं. सोळाच्या मापात आणायला चार घरं सरकवलं की ०.०००१००१ होतं. तीन घरांबाहेर पडले १००१. गार्ड १, राउंड ०, आणि त्यापुढच्या ०१ मध्ये एक १ आहे म्हणून स्टिकी १. बेरीज १.००० आणि बाहेर १०१. हे निम्म्याहून जास्त आहे, तेव्हा उत्तर अठरा. खरी बेरीज १७.१२५, तिला अठराच जवळचा आहे. स्टिकी बिट नसता तर यंत्राला बाहेर फक्त १० दिसले असते. त्याने हे बरोबर निम्मं समजून उत्तर सोळा दिलं असतं. दूर गेलेल्या त्या बारीकशा अंकामुळेच पारडं अठराकडे झुकलं.

गार्ड बिटाची गरज वजाबाकीत याहूनही ठळक दिसते. सोळातून पंधरा वजा करा. सोळा म्हणजे १.००० सोळाच्या मापात, पंधरा म्हणजे १.१११ आठाच्या मापात. पंधराला एक घर सरकवलं की ०.११११. समजा जादा बिट नाही आणि बाहेर पडलेला शेवटचा १ टाकून दिला. उरला ०.१११. आता १.००० वजा ०.१११ म्हणजे ०.००१ सोळाच्या मापात, म्हणजे दोन. सोळा वजा पंधरा दोन! चूक थोडीथोडकी नाही, उत्तर दुप्पट झालं. एक जादा बिट सांभाळला तर:

```
  १.००००
- ०.११११
--------
  ०.०००१   × १६
```

इथे नॉर्मलाइज करायचं ते उलट्या दिशेने. बिंदूआधी १ येईपर्यंत मँटिसा डावीकडे चार घरं सरकवायचा आणि घातांकातून चार वजा करायचे. उत्तर १.००० गुणिले १, बरोबर एक.

हा प्रश्न कागदावरचाच राहिला नाही. आयबीएमच्या सिस्टीम/३६० या प्रसिद्ध संगणकमालिकेत दुहेरी लांबीच्या आकड्यांना असं जादा घर दिलेलं नव्हतं. १९६८ साली कंपनीने ते मांडणीत घातलं आणि ग्राहकांकडे चालू असलेल्या सगळ्या यंत्रांतही बसवून दिलं. विकून झालेल्या यंत्रांची अंतर्गत जोडणी बदलायची तयारी एका अंकाच्या घरासाठी दाखवावी लागली, यावरून त्या अंकाचं मोल समजावं.

गार्ड बिट असला की वजाबाकी सावध होते, पण आधी जे हरवलं ते ती परत आणत नाही. आपला हरवलेला पाव इथे पुन्हा भेटतो. तेरा अधिक सव्वातीन, वजा पंधरा, असा हिशेब करू. खरं उत्तर सव्वा. यंत्राकडे बेरजेनंतर सोळा आहे, त्यातून पंधरा गेले, उरला एक. ही वजाबाकी अगदी बिनचूक झाली, तिथे काहीही गोल केलं गेलं नाही. तरी उत्तर पावाने कमी आहे. सव्वासोळात तो पाव दीड टक्क्याएवढा होता, कोणाच्या लक्षातही आला नसता. सव्वात तोच पाव वीस टक्के झाला. चूक वाढली नाही, तिच्याभोवतीचा मोठा आकडा नाहीसा झाला आणि ती उघडी पडली. दोन जवळजवळ सारखे आकडे एकमेकांतून वजा होतात तेव्हा असंच घडतं. एखाद्या हिशेबात घातांक एकदम खाली कोसळला, म्हणजे नॉर्मलाइज करताना मँटिसा बरीच घरं डावीकडे सरकला, तर उजवीकडे भरलेली शून्यं खरी आहेत की नुसती रिकामी जागा भरणारी, हे तपासायला हवं. आपल्या सोळा वजा पंधरात ती खरी होती, कारण दोन्ही आकडे नेमके होते. या हिशेबात ती भरतीची होती.

मग या आठ बिटांत सव्वा मिळणारच नाही का? बिटं तेवढीच ठेवून आपण फक्त क्रम बदलून पाहू. आधी तेरातून पंधरा वजा करा. दोन्ही आठाच्या मापात आहेत, सरकवायचं काही नाही. १.१०१ वजा १.१११, म्हणजे उणे ०.०१० आठाच्या मापात. डावीकडे दोन घरं सरकवलं की उणे १.०००, दोनच्या मापात. उणे दोन. आता त्यात सव्वातीन मिळवा. तोही दोनच्याच मापात आहे:

```
  १.१०१
- १.०००
-------
  ०.१०१   × २
```

एक घर डावीकडे, माप एकाचं, मँटिसा १.०१०. आठ बिटांत ० ०१११ ०१०, म्हणजे सव्वा, पावासकट.